लाल पट्टी आणि ओलं फडकं

सांगलीत माझ्या एका मित्राचा फोटो स्टुडिओ आहे. गेल्या लग्नसराईत त्याचा रात्री दहाला फोन आला, "जरा येऊन जा, लॅपटॉप मान टाकतोय." गेलो तेव्हा टेबलावर कार्ड रीडर लावलेला होता आणि त्या दिवशीच्या लग्नाचे ३१ जीबी फोटो-व्हिडिओ लॅपटॉपवर उतरत होते. उतरत होते म्हणायचं इतकंच. पडद्यावरचा कॉपीचा हिरवा आलेख सुरुवातीला सेकंदाला ८५ एमबीवर सपाट, पठारासारखा दिसत होता. साधारण दहा-बारा जीबीनंतर तो कड्यावरून कोसळावा तसा खाली आला आणि पुढे २०, १५, मध्येच शून्य, पुन्हा १८ अशा उड्या मारत राहिला. एरवी सहा मिनिटांचं काम, त्याला अर्धा तास लागत होता. मित्राच्या बायकोने चहा ठेवता ठेवता सांगितलं, "भावजी, याचं काही होत असेल तर बघा. हे नवा लॅपटॉप घ्यायचा म्हणतायत."

लॅपटॉप तीनच वर्षांचा होता. आतली एसएसडी ५१२ जीबीची. This PC उघडलं, तर सी ड्राइव्हखालची पट्टी लाल झाली होती. कॉपी सुरू करण्याआधी ४७५ पैकी ३८ जीबी जागा शिल्लक होती, म्हणजे आठ टक्के. नवा लॅपटॉप घ्यायची काहीच गरज नव्हती. ड्राइव्हला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती, आणि जी थोडी जागा होती ती खरोखर रिकामी आहे हे ड्राइव्हला नीट कुणी कळवलेलंही नव्हतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते. तिच्यावर एखाद्या जागी जुनं काही असलं, तरी त्यावरच नवं लिहिता येतं. एसएसडीतल्या फ्लॅश चिपला हे जमत नाही. तिथे लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी ती पुसावी लागते. अडचण अशी की लिहायचं माप लहान आणि पुसायचं माप मोठं. लिहिताना एका वेळी एक 'पेज' लिहिलं जातं, ते काही केबींचं असतं. पुसताना मात्र शेकडो पेजेसचा अख्खा 'ब्लॉक' एकदम पुसावा लागतो. वेळही तसाच लागतो. पेज वाचायला सेकंदाचा लाखावा भाग लागतो असं धरलं, तर लिहायला त्याच्या कित्येक पट आणि ब्लॉक पुसायला त्याच्याही कित्येक पट.

शाळेतली दगडी पाटी आठवा. तिच्यावर शंभर चौकोन आखलेत असं समजा. पेन्सिलीने एकेक चौकोन भरता येतो, पण एकच चौकोन पुसायची सोय नाही. ओलं फडकं फिरवायचं तर सगळ्या पाटीवरून. मग एखाद्या चौकोनातला मजकूर बदलायचा झाला तर काय करायचं? एसएसडीतला कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, नवा मजकूर दुसऱ्या कोऱ्या पाटीवर लिहितो, आपल्या वहीत 'तो मजकूर आता इथे आहे' अशी नोंद करतो आणि जुन्या चौकोनावर मनातल्या मनात काट मारतो. काटलेला चौकोन निकामी झालेला असतो, पण पुसलेला नसतो. असे काटलेले चौकोन सगळ्या पाट्यांवर विखुरलेले साठत जातात.

कोऱ्या पाट्या संपत आल्या की कंट्रोलर सफाईला लागतो. एक पाटी उचलायची, तिच्यावरचे कामाचे चौकोन दुसऱ्या पाटीवर उतरवून घ्यायचे आणि मग फडकं फिरवायचं. संगणकाच्या भाषेत याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. ड्राइव्ह किती भरलेली आहे याला महत्त्व येतं ते इथे. पाटीवर शंभरपैकी पन्नास चौकोन कामाचे असतील, तर पन्नास उतरवले की पन्नास कोरे मिळतात. म्हणजे तुमचं एक पान लिहायला ड्राइव्हला दोन पानं लिहावी लागली. आता पाटीवर नव्वद चौकोन कामाचे आहेत असं धरा. नव्वद उतरवल्यावर जेमतेम दहा कोरे मिळाले. तुमचं लिखाण दहा पानांचं, ड्राइव्हची मेहनत शंभर पानांची. पन्नासावरून नव्वदावर जाताना पाटी दुपटीनेही भरलेली नाही, पण कष्ट पाचपट झाले. शेवटच्या काही टक्क्यांत तर ते आणखी झपाट्याने चढतात. म्हणून एसएसडी हळूहळू मंद होत नाही. बरेच दिवस ती ठणठणीत वाटते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम बसते. या जादा लिखाणाने वेग जातोच, शिवाय चिपचं आयुष्यही झिजतं, कारण प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो.

आता ट्रिमकडे येऊ. तुम्ही फाइल डिलीट करता तेव्हा विंडोज आपल्या यादीतून तिचं नाव काढतं आणि ती जागा मोकळी धरतं. जुन्या हार्ड डिस्कला हे कळवायची गरजच नव्हती, कारण तिथे वरून लिहिता येत होतं. एसएसडीच्या बाबतीत ही गाठ बसते. विंडोजच्या हिशेबी फाइल गेली, पण ड्राइव्हच्या वहीत ते चौकोन अजून कामाचेच आहेत. सफाई करताना कंट्रोलर तुमच्या डिलीट केलेल्या लग्नाचे फोटो इमानेइतबारे एका पाटीवरून दुसरीवर उतरवत बसतो. त्याला सांगणारं कुणी नसेल तर तो तरी काय करणार? हे सांगायचं काम ट्रिम नावाची आज्ञा करते. 'अमुक ते अमुक चौकोन आता नकोत' एवढाच तिचा निरोप असतो. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून ही सोय विंडोजमध्ये आहे. लिनक्समध्ये ती २०१० च्या सुमारास आली आणि मॅकवर त्याच्या पुढच्या वर्षी.

फोनमध्येही फ्लॅश चिपच असते, त्यामुळे हाच प्रश्न तिथेही आला होता. गूगलचा २०१२ चा नेक्सस ७ टॅबलेट काही महिन्यांच्या वापरानंतर, विशेषतः जागा भरत आली की, कमालीचा रेंगाळायचा. जुलै २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ आलं, त्यात ट्रिमची सोय होती आणि तेच जुने टॅबलेट पुन्हा चालायला लागले. हार्डवेअर बदललं नव्हतं. फक्त निरोप पोचायला लागला होता.

मित्राच्या लॅपटॉपवर आलेख दहा-बारा जीबीनंतरच का कोसळला, याला मात्र आणखी एक कारण आहे. हल्लीच्या स्वस्त-मध्यम किमतीच्या एसएसडींमध्ये एका कप्प्यात तीन बिट माहिती ठेवतात. त्याला टीएलसी म्हणतात. चार बिट ठेवणाऱ्या क्यूएलसीही आता सर्रास मिळतात. तीन बिट ठेवायचे तर कप्प्यात विजेच्या भाराच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या अचूक साधाव्या लागतात, चार बिटांसाठी सोळा. हे नाजूक काम असल्याने वेळखाऊ असतं. म्हणून ड्राइव्ह एक युक्ती करते. रिकाम्या कप्प्यांत तात्पुरता एकेकच बिट भराभर लिहून घेते आणि नंतर निवांत वेळी तो मजकूर तीन-तीन, चार-चार बिटांत दाटून बसवते. डब्यावर दिसणारा वेगाचा आकडा बहुतेक वेळा या घाईच्या लिखाणाचा असतो.

पण घाईने लिहायला जागा जास्त लागते. टीएलसीत १ जीबी मजकूर असा लिहिला तर ३ जीबीची जागा अडते, क्यूएलसीत ४ जीबीची. मित्राकडे ३८ जीबी रिकामी होती. तिला तीनने भागा. बारा-साडेबारा जीबी आले. आलेख कोसळला तो नेमका त्याच सुमारास. तिथून पुढे ड्राइव्हला एकाच वेळी नवीन फोटो घ्यायचे होते, आधी सैलसर लिहिलेले दाटून बसवायचे होते आणि कोऱ्या पाट्यांसाठी सफाईही करायची होती. इंटेलने २०१८ मध्ये काढलेल्या ६६०पी या क्यूएलसी ड्राइव्हचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. तिच्या १ टीबीच्या मॉडेलमध्ये ड्राइव्ह रिकामी असताना घाईच्या लिखाणाची जागा सुमारे १४० जीबी असायची आणि ड्राइव्ह भरत आली की ती १२ जीबीवर यायची. ड्राइव्ह तीच, किंमत तीच, पण भरलेल्या ड्राइव्हच्या मालकाच्या हातात या सोयीचा दहावा हिस्साही उरत नसे.

कॉपी संपली तेव्हा लॅपटॉपवर सातच जीबी राहिले होते. मग आम्ही शोधाशोध केली. रिसायकल बिनमध्ये ६२ जीबी पडून होते. मित्र म्हणाला, "ते तर मी कधीच डिलीट केलंय." ही चूक फार जणांची होते. बिनमध्ये टाकलेली फाइल डिस्कवर जशीच्या तशी असते. बिन रिकामा होईपर्यंत जागा सुटत नाही आणि तोवर ट्रिमचा निरोपही जात नाही. व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने पूर्वीच्या, कधीच देऊन झालेल्या कामांची कॅश ४४ जीबी साठवली होती. ती सॉफ्टवेअरच्याच सेटिंगमधून काढली, फोल्डर हाताने उडवला नाही. एवढ्यानेच मोकळी जागा ११३ जीबी झाली, जवळजवळ २४ टक्के. एकही काम हलवावं लागलं नाही.

पुढची पायरी ट्रिम चालू आहे का ते पाहण्याची. स्टार्ट मेनूत cmd शोधून, त्यावर राइट क्लिक करून Run as administrator घ्यायचं आणि ही ओळ टाइप करायची:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

उत्तरात NTFS पुढे `0` आला की ट्रिम चालू आहे. `1` आला तर बंद. नाव उलट असल्याने गोंधळ होतो. 'कळवणं बंद ठेवलंय का?' असा तो प्रश्न आहे आणि शून्य म्हणजे 'नाही'. मित्राच्या लॅपटॉपवर शून्यच होता. मग स्टार्ट मेनूतून Defragment and Optimize Drives उघडलं आणि तिथे खरी खोच सापडली. दर आठवड्याला आपोआप चालणारं काम बंद होतं. एसएसडी डीफ्रॅग करायची नसते असं ऐकून कुणीतरी लॅपटॉप दुरुस्त करताना ते सद्हेतूने बंद केलं होतं. ऐकलेलं बरोबर होतं, केलेलं चूक होतं. या खिडकीत ड्राइव्हच्या प्रकारापुढे Solid state drive असं लिहिलेलं असेल, तर Optimize बटण दाबल्यावर विंडोज मुख्यतः ट्रिमच करतं. डिलीट करतानाचे निरोप एकदम फार झाले तर त्यातले काही गळतात. आठवड्याचं काम सगळी मोकळी जागा पुन्हा एकदा कळवून ती गळती भरून काढतं. मित्राचे बिनभर फोटो, शेकडो जीबींच्या उलाढाली आणि आठवड्याची फेरी बंद, म्हणजे ड्राइव्हच्या वहीत किती खोटे चौकोन साठले असतील याची कल्पना करा.

आम्ही Optimize दाबलं. मिनिटभरात काम झालं. वेळापत्रक पुन्हा Weekly वर ठेवलं. लिनक्सवर हेच काम अशा ओळींनी होतं:

```
sudo fstrim -v /
systemctl status fstrim.timer
```

पहिली ओळ तिथल्या तिथे ट्रिम करते आणि किती जागा कळवली ते सांगते. दुसरीतून आठवड्याची फेरी सुरू आहे का ते दिसतं.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, ती म्हणजे ड्राइव्हला वेळ देणं. ट्रिम हा नुसता निरोप आहे. फडकं फिरवायचं आणि दाटून बसवायचं काम कंट्रोलर आपल्या सवडीने करतो, आणि त्यासाठी त्याला वीज लागते. झाकण मिटून लॅपटॉप झोपवला की ही सवड मिळत नाही. मी मित्राला चार्जर लावून, स्लीप बंद ठेवून लॅपटॉप रात्रभर तसाच चालू ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी हळदीचं कार्ड आलं, २९ जीबीचं. आलेख ८५ वर चढला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. सहा मिनिटांच्या आत कॉपी संपली. त्यापेक्षा जास्त वेग कार्डच देऊ शकत नव्हतं.

किती जागा मोकळी ठेवावी, हे लोक हमखास विचारतात. माझं मत असं की साध्या वापराला पंधरा-वीस टक्के पुरे. रोज मोठ्या फाइली आत-बाहेर करणाऱ्याने किंवा क्यूएलसी ड्राइव्ह असणाऱ्याने पाव भाग मोकळा ठेवावा. यापेक्षा नेमका हिशेब हवा असेल तर आपण एका बैठकीत जास्तीत जास्त किती कॉपी करतो ते पाहावं आणि त्याच्या तिप्पट-चौपट जागा शिल्लक ठेवावी. मित्राचं कार्ड तीसेक जीबीचं, म्हणून त्याची रेघ १०० जीबीवर आखली. ५१२ जीबीच्या ड्राइव्हवर ती विसाच्या जरा वर येते. कंपन्याही थोडी जागा स्वतः राखून ठेवतात. चिपची मापं १०२४ च्या पटीत असतात आणि डब्यावरचे जीबी हजाराच्या पटीत, त्या फरकातून साधारण सात टक्के जागा आपल्याला न दिसता कंट्रोलरच्या हाताशी राहते. खराब झालेल्या ब्लॉकची बदली आणि त्याचा स्वतःचा कारभार यातच चालतो. म्हणून पूर्ण भरलेली ड्राइव्हही बंद पडत नाही. पण तेवढ्यावर तिला चालवणं म्हणजे गाडी कायम रिझर्व्हवर हाकणं.

सी लाल आणि डी बऱ्यापैकी रिकामा, असं ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. दोन्ही भाग एकाच एसएसडीवर असतील तर कंट्रोलरला ही वाटणी ठाऊकच नसते. डीमधली ट्रिम झालेली मोकळी जागाही त्याच्या कामी येते. अशा वेळी ड्राइव्हचा वेग सहसा शाबूत असतो, मात्र विंडोजला सी वर अपडेट आणि तात्पुरत्या फाइलींसाठी जागा मिळत नाही आणि लॅपटॉप त्यामुळे अडखळतो. दुखणं वेगळं आहे. डाउनलोड्स, व्हिडिओ वगैरे डीवर हलवले की ते बरं होतं.

मंदपणाचं प्रत्येक कारण इथे सापडणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. या दुखण्याची खूण अशी की वाचणं ठीक असतं, लिहिणं सुरुवातीला वेगात असतं आणि मग कोसळतं, रात्रभर चालू ठेवल्यावर थोडं सुधारतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा Active time १०० टक्क्यांना टेकलेला आणि प्रत्यक्ष लिहिण्याचा आकडा मात्र किरकोळ, असं चित्र दिसतं. त्याच वेळी मेमरीही काठोकाठ भरलेली असेल तर आधी रॅमचा विचार करा, कारण रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवरच ओढाताण करतं. जागा भरपूर आहे, ट्रिम चालू आहे, आणि तरी जुन्या फाइली उघडताना अडकतात किंवा कॉपी होताना एरर येतो, तर ड्राइव्ह आजारी असू शकते. तिथे ट्रिमचा उपयोग नाही. आधी डेटा दुसरीकडे हलवा. यूएसबीच्या डबीत घातलेल्या एसएसडीचंही असंच. बऱ्याच डब्या ट्रिमचा निरोप आत जाऊच देत नाहीत. अशा ड्राइव्हवर जागा जरा जास्तच मोकळी ठेवावी, किंवा मध्येच कधीतरी ती थेट संगणकाला जोडून Optimize करावी.

मोकळी जागा 'साफ' करून देण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअर्स एसएसडीवर चालवू नका. ती मोकळ्या जागेत निरर्थक मजकूर भरत सुटतात, म्हणजे काही वेळ ड्राइव्ह शंभर टक्के भरते आणि झीज फुकट होते. तसंच बाहेरचं डीफ्रॅग सॉफ्टवेअरही नको. एसएसडीत फाइलीचे तुकडे शोधायला सुई फिरवावी लागत नाही, त्यामुळे ते एकत्र जोडून तसा लाभ होत नाही, चिपवर लिखाणाचा बोजा मात्र पडतो.

शेवटची गोष्ट सगळ्यात जपायची. कॅमेऱ्याच्या कार्डवरून चुकून उडालेले फोटो रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत आणल्याचे अनुभव फोटोग्राफर मंडळींना असतात, आणि तोच भरवसा ते लॅपटॉपच्या एसएसडीवरही ठेवतात. ट्रिम झालेल्या जागेतून फाइल परत मिळत नाही, कारण तो निरोप पोचला की ड्राइव्ह तिथलं काही वाचून द्यायला बांधील राहत नाही आणि फडकं कधी फिरेल हे आपल्या हातात नसतं. मित्राचा बिन रिकामा करण्याआधी आम्ही त्याची बाहेरची हार्ड डिस्क लावली, प्रत्येक लग्नाच्या फोल्डरमधले दोन-चार फोटो आणि एक व्हिडिओ उघडून पाहिला आणि मगच बटण दाबलं. त्याला वीस मिनिटं गेली. तुम्हीही ती वीस मिनिटं आधी काढा, बिन मग रिकामा करा.